रोगाचं नाव ठेवा, ‘गायब’ काढा : योगाच्या व्हिडिओचं शीर्षक कसं लिहावं



खांदा कॉलनीतल्या आपल्या बॅचला एक ताई येतात. घरच्या हॉलमध्ये सकाळ-संध्याकाळ योगाचे क्लास घेतात. शिकवणं उत्तम, बोलणं शांत. चॅनेल सुरू करून त्यांना काही महिने झाले होते आणि व्ह्यूज येत नव्हते. मग कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी एका व्हिडिओचं शीर्षक असं दिलं: ‘७ दिवसांत शुगर मुळापासून गायब!! फक्त हे ५ योगासन करा’. व्हिडिओ चालला. आतापर्यंतच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त चालला.

एक दिवस क्लास संपल्यावर त्यांनी मला मोबाईल दाखवला. खाली एक कमेंट होती. कुणीतरी विचारलं होतं, ‘ताई, परवापासून आसनं सुरू केली. गोळी बंद केली आहे, चालेल ना?’

ताई घाबरल्या होत्या, आणि घाबरणं बरोबर होतं. पण त्यांचं म्हणणं एकच: “सर, मी व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय की गोळ्या चालू ठेवा म्हणून!” मी व्हिडिओ पाहिला. खरंच सांगितलं होतं, अकराव्या मिनिटाला. शीर्षक मात्र पहिल्या सेकंदालाच उलटं सांगत होतं.

आजचा लेख याबद्दल आहे. व्हिडिओ खरा आणि मेटाडेटा खोटा, असं आपल्याकडे फार होतं. मेटाडेटा म्हणजे व्हिडिओबद्दलची माहिती: शीर्षक, डिस्क्रिप्शन, टॅग, चॅप्टरची नावं. थंबनेलवरची अक्षरंही मी त्यातच धरतो. व्हिडिओ बघणाऱ्यांपेक्षा हे वाचणारे कितीतरी जास्त असतात. फॅमिली ग्रुपवर कुणी लिंक टाकली की तिथे दिसतं फक्त शीर्षक आणि थंबनेल. काका लिंक उघडतही नाहीत, तरी ‘शुगर मुळापासून जाते म्हणे’ हे वाक्य त्यांच्या डोक्यात बसतं. तुमचं अकरावं मिनिट तिथे पोचतच नाही.

लोक नाम शोधतात, खोटं क्रियापदात असतं

ताईंची अडचण खरी होती. “दावा काढला तर व्हिडिओ सापडणार कसा? लोक तर शुगरच शोधतात ना?” बरोबर. लोक ‘शुगर’ शोधतात. पण म्हणून ‘गायब’ लिहायची गरज नाही.

त्यांच्या शीर्षकाचे तुकडे करून बघा. ‘शुगर’ आणि ‘योगासन’ ही नामं आहेत. माणूस सर्चमध्ये टाईप करतो ते हेच. यात खोटं काही नाही. आता उरलेले शब्द बघा: ‘७ दिवसांत’, ‘मुळापासून’, ‘गायब’, ‘फक्त’. सगळा दावा या चार शब्दांत आहे. शोधणारा माणूस हे शब्द क्वचितच टाईप करतो. ते आपण घालतो, दुकानाबाहेर ओरडल्यासारखं.

म्हणून माझं सरळ मत आहे: रोगाचं नाव ठेवा, दाव्याचं क्रियापद काढा. सर्चचं नुकसान होतं त्यापेक्षा फार कमी, जेवढं तुम्हाला वाटतं.

आता क्रियापदांची एक शिडी डोक्यात ठेवा. वरून खाली येऊ.

सगळ्यात वरची पायरी: ‘बरी करते’, ‘मुळापासून जाते’, ‘गोळ्या सुटतात’. हे कधीच लिहायचं नाही. ‘माझ्या एका विद्यार्थ्याची सुटली’ असं असलं तरी नाही.

दुसरी पायरी: ‘शुगर कमी करते’. हे सौम्य वाटतं, पण हाही दावाच आहे. कुणाची? किती? कशावरून? तुमच्याकडे उत्तर नसेल तर शीर्षकात नको.

तिसरी पायरी: ‘शुगर नियंत्रणात ठेवायला मदत’. इथे पायाखाली जमीन आहे. हालचाल करताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, आणि डायबेटीसमध्ये नियमित व्यायामाचा सल्ला डॉक्टर स्वतःच देतात. पण हे वाक्य एकटं सोडायचं नाही. ‘औषध आणि आहारासोबत’ हे शब्द त्याच वाक्यात हवेत.

सगळ्यात खालची पायरी: ‘डायबेटीस असणाऱ्यांसाठी’. इथे दावाच नाही. हा व्हिडिओ कुणासाठी आहे एवढंच सांगितलं. आणि गंमत म्हणजे सर्चसाठी लागणारा शब्द तसाच्या तसा शिल्लक आहे. शीर्षकासाठी हीच पायरी वापरा. तिसरी पायरी डिस्क्रिप्शनमध्ये चालेल, कारण तिथे पूर्ण वाक्य लिहायला जागा असते.

मोकळ्या झालेल्या जागेत काय भरायचं

‘७ दिवसांत मुळापासून गायब’ काढलं की शीर्षकात जागा मोकळी होते. तिथे अशी माहिती भरा जी खरी आहे आणि लोक शोधतातही.

मी ताईंना चार प्रश्न विचारले. व्हिडिओ किती मिनिटांचा? वीस. जमिनीवर बसावं लागतं का? नाही, सगळं खुर्चीवर आहे. नवीन माणसाला जमेल? हो. भाषा? मराठी. म्हणजे त्यांच्या हातात सोनं होतं आणि शीर्षकात त्यातलं काहीच नव्हतं. शुगर असलेल्या साठीच्या माणसाचे गुडघेही दुखत असतात. ‘खुर्चीवर बसून’ हे तीन सेकंदांत कळलं तर तो व्हिडिओ लावतो. नवं शीर्षक असं झालं:

```
डायबेटीस असणाऱ्यांसाठी योगासने | खुर्चीवर बसून २० मिनिटे | नवशिक्यांसाठी
```

यूट्यूब शीर्षकाला १०० अक्षरं देतं, पण मोबाईलवर लांब शीर्षक अर्ध्यात कापलं जातं. म्हणून शोधला जाणारा शब्द सुरुवातीला, बाकीचं मागे.

आता एक खास आपल्या भाषेचा प्रश्न. एकाच आजाराला आपल्याकडे तीन नावं आहेत. बोलताना ‘शुगर’, डॉक्टरकडे ‘डायबेटीस’, पेपरात ‘मधुमेह’. शिवाय योगासन, योगासने, योग, योगा असं चारही प्रकारे लिहितात. त्यात निम्मे लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाईप करतात. हे सगळं शीर्षकात कोंबायला गेलात तर ते शीर्षक राहत नाही, भाजीवाल्याची यादी होते.

कोणता शब्द शीर्षकात घ्यायचा ते ठरवायची साधी पद्धत अशी. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो विंडो उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या सर्चचा परिणाम कमी होईल. यूट्यूबच्या सर्चमध्ये ‘शुगर साठी’ एवढंच टाईप करून थांबा. खाली जी वाक्यं सुचवली जातात ती लोकांनी शोधलेल्या शब्दांवरूनच येतात. मग ‘डायबेटीस’ टाकून बघा, मग ‘मधुमेह’, मग हेच इंग्रजी अक्षरांत. दहा मिनिटांचं काम आहे. वहीत लिहून काढा. जे नाव तुमच्या प्रेक्षकांसारखं वाटतं ते शीर्षकात, उरलेली दोन डिस्क्रिप्शनच्या वाक्यांत.

ही यादी लिहिताना एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. सुचवलेल्या वाक्यांत ‘शुगर कमी करण्यासाठी’ असं येऊ शकतं. म्हणजे दुसऱ्या पायरीचं क्रियापद लोक स्वतः टाईप करतात. मग काय करायचं? शीर्षकात दावा म्हणून घेऊ नका. डिस्क्रिप्शनमध्ये प्रश्न म्हणून घ्या आणि खाली खरं उत्तर द्या. शोधाचे शब्द प्रश्नात येतात, खरं उत्तरात येतं. कुणाची फसवणूक नाही.

डिस्क्रिप्शन : पहिल्या दोन ओळी सगळ्यात महाग

डिस्क्रिप्शनला ५००० अक्षरं मिळतात, पण ‘आणखी’ न दाबता दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळीच. बहुतेक जण तिथे ‘चॅनेल सबस्क्राईब करा, लाईक करा’ लिहून ती जागा वाया घालवतात. ताईंसोबत बसून आम्ही असं लिहिलं:

```
शुगर (मधुमेह) असणाऱ्या आणि जमिनीवर बसायला त्रास होणाऱ्यांसाठी
खुर्चीवरची २० मिनिटांची योगासने. हा सराव औषधांच्या जागी नाही;
गोळ्या किंवा इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

योगा केल्याने शुगर कमी होते का?
नियमित हालचालीमुळे औषध आणि आहारासोबत शुगर नियंत्रणात ठेवायला
मदत होते. किती फरक पडेल हे प्रत्येकाचं वेगळं असतं, ते तुमच्या
तपासणीतून डॉक्टरच सांगू शकतात.

सुरू करण्याआधी: इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील
तर उपाशीपोटी व्यायाम करावा का, हे डॉक्टरांना विचारा. मध्येच घाम,
थरथर, चक्कर वाटली तर थांबा आणि साखर किंवा गोड काहीतरी घ्या.
```

शेवटचा परिच्छेद नीट वाचा, कारण खरा धोका तिथे आहे. आपल्याकडे योग म्हटलं की सकाळी उपाशीपोटी, हे ठरलेलं. पण जो माणूस इन्सुलिन घेतो, किंवा डायबेटीसच्या काही विशिष्ट गोळ्या घेतो, त्याची शुगर व्यायामाने गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. म्हणजे तुमच्या व्हिडिओचे दोन टोकाचे धोके आहेत. एक माणूस शीर्षक वाचून गोळी बंद करतो आणि त्याची शुगर चढते. दुसरा गोळी घेऊन उपाशीपोटी जोरात सराव करतो आणि त्याची उतरते. पहिल्याला ‘गायब’ या शब्दाने फसवलेलं असतं. दुसऱ्याला तुम्ही काही सांगितलेलंच नसतं. डिस्क्रिप्शनमध्ये दोघांसाठी एकेक वाक्य हवं.

याच ओळी तुमच्याकडून पहिल्या कमेंटमध्येही लिहा आणि ती कमेंट पिन करा. लोक डिस्क्रिप्शन उघडत नाहीत, पण कमेंट बघतात.

चॅप्टरचा उपयोगही इथेच करून घ्या. डिस्क्रिप्शनमध्ये वेळा लिहिल्या की यूट्यूब व्हिडिओचे भाग पाडतं. नियम तीन: पहिली वेळ 00:00 असली पाहिजे, वेळा किमान तीन आणि चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा. आकडे इंग्रजीतच टाका.

```
00:00 कुणी करावं, कुणी आधी डॉक्टरांना विचारावं
01:40 खुर्ची कशी निवडायची
03:00 मान आणि खांद्यांचा व्यायाम
07:30 खुर्चीवरचं ताडासन
11:00 खुर्चीवर बसून कंबर वळवणं
15:30 अनुलोम-विलोम
18:30 शवासन, खुर्चीवर
```

बघा, ताईंचं अकराव्या मिनिटाचं वाक्य आता शून्याव्या मिनिटावर आलं. त्यासाठी त्यांनी सुरुवातीचा दीड मिनिटाचा भाग पुन्हा शूट करून व्हिडिओ नव्याने टाकला. आणि ‘खुर्चीवरचं ताडासन’, ‘अनुलोम-विलोम’ हे शब्दही शोधले जातातच. चॅप्टरच्या नावात फायदा लिहू नका, कृती लिहा. ‘स्वादुपिंड जागं करणारं आसन’ असं नाव दिलंत की दावा मागच्या दाराने पुन्हा आत आला.

टॅगवर फार वेळ घालवू नका. यूट्यूब स्वतःच सांगतं की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा कमी असतो. त्यांचा खरा उपयोग वेगवेगळ्या स्पेलिंगसाठी. म्हणून आपण तिथे इंग्रजी अक्षरांतलं मराठी टाकलं:

```
sugar sathi yoga, madhumeh yogasane, diabetes yoga marathi,
khurchivar yoga, chair yoga marathi, khanda colony yoga class
```

हीच टॅगची यादी डिस्क्रिप्शनच्या तळाशी चिकटवायची नाही. तसं करणं यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. आणि शीर्षक हिंदीतही द्यायचं असेल तर स्टुडिओमध्ये शीर्षक-डिस्क्रिप्शनचं भाषांतर जोडायची सोय आहे. फक्त ते स्वतः वाचा. मराठीत काढलेलं ‘मुळापासून’ हिंदीत ‘जड़ से’ होऊन परत येतं, हे मी पाहिलंय.

‘खाली सूचना दिलीय ना’ हे पुरत नाही

पुष्कळ जण म्हणतात, “शीर्षक जोरदार ठेवतो आणि खाली डिस्क्लेमर टाकतो.” इंग्रजीतला एक मोठा परिच्छेद कुठूनतरी कॉपी करतात आणि चिकटवतात. ते आता चालत नाही.

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने भ्रामक जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात डिस्क्लेमरबद्दलच्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत डिस्क्लेमर हवा. दुसरी, डिस्क्लेमर दावा जास्त स्पष्ट करू शकतो, पण दाव्याच्या उलट बोलू शकत नाही. म्हणजे वर मराठीत ‘शुगर गायब’ आणि खाली इंग्रजीत ‘ही वैद्यकीय माहिती नाही’ हे दोन्ही बाजूंनी चुकतं. भाषा वेगळी आणि अर्थ उलटा.

“पण मी जाहिरात कुठे करतोय, मी तर फुकट व्हिडिओ टाकतोय,” असं कुणी म्हणेल. डिस्क्रिप्शनमध्ये क्लासची फी आणि व्हॉट्सॲप नंबर आहे का? मग माझ्या मते तुम्ही ती जाहिरातच धरून चाला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूंइतकाच सेवांनाही लागू आहे, आणि भ्रामक जाहिरातीसाठी त्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. उद्या तुमच्या दारात कुणी नोटीस घेऊन येईल असं मी म्हणत नाही. पण रेषा कुठे आहे ते माहीत असलेलं बरं.

ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्याबद्दल बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सर्ससाठी आणखी तत्त्वं आली. साधी गोष्ट आहे. ‘रोज व्यायाम करा, पाणी प्या, झोप पूर्ण घ्या’ अशा सर्वसाधारण सल्ल्याला मोकळीक आहे. एखाद्या ठरावीक आजाराबद्दल बोललात किंवा त्याला जोडून काही विकलंत की ती मोकळीक राहत नाही. मग तुमचं प्रमाणपत्र सांगावं लागतं, आणि हे डॉक्टरी सल्ल्याच्या जागी नाही हेही स्पष्ट सांगावं लागतं. ‘डायबेटीस’ शब्द शीर्षकात आला की तुम्ही या दुसऱ्या गटात गेलात. म्हणून योग शिक्षकाचं प्रमाणपत्र असेल तर ते कुणाचं आणि कोणत्या पातळीचं, हे एका ओळीत लिहा. नसेल तर आजाराचं नाव घेऊच नका. ‘खुर्चीवरची योगासने, ज्येष्ठांसाठी’ एवढंच शीर्षक द्या. तेही शोधलं जातं.

आणि व्हिडिओखाली काढा, चूर्ण किंवा तेलाची लिंक लावणार असाल तर आधी थांबा. १९५४ चा औषधे व चमत्कारिक उपाय कायदा त्याला लागू होतो. त्याच्या यादीत मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब हे सगळे आहेत. या आजारांवर उपचार म्हणून, एवढंच काय ते टाळण्यासाठी म्हणूनही, औषधाची जाहिरात सर्वसामान्य लोकांपुढे करता येत नाही. योगाच्या क्षेत्रातलं देशातलं सगळ्यात मोठं नाव, पतंजली, इथेच अडकलं. इंडियन मेडिकल असोसिएशन २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने न्यायालयात हमी दिली, पुढच्या वर्षी ती पाळली नाही म्हणून अवमानाची नोटीस आली, वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये माफी स्वीकारून अवमानाचं प्रकरण बंद झालं. तो खटला औषधांच्या जाहिरातींचा होता, आसनांचा नाही. पण आपल्या शीर्षकांतले ‘कायमचा इलाज’सारखे शब्द कुठून उचललेत ते आठवून बघा.

“पण खरंच कमी झाली हो!”

ताईंचा शेवटचा मुद्दा हा होता. त्यांच्या बॅचमधल्या एका काकूंची शुगर खरंच उतरली होती, रिपोर्ट होता. मी विचारलं, त्या सहा महिन्यांत काकूंनी आणखी काय बदललं? संध्याकाळी खांदेश्वरच्या तलावापाशी चालायला जाऊ लागल्या. रात्रीचा भात बंद केला. डॉक्टरांनी गोळी बदलली होती. मग शुगर कशाने उतरली? आसनांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. पण किती केलं हे ताईंना माहीत नाही, काकूंना नाही, मलाही नाही. जे माहीत नाही ते शीर्षकात कसं लिहायचं?

आपल्यासाठी याचा आदर्श फार लांब नाही, घाट चढला की लोणावळा. तिथे १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक काढलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी एक्स-रे काढून आणि दाब मोजून पाहिलं. ज्यांची योगावर पूर्ण श्रद्धा होती त्यांनीच आधी मोजलं आणि मग लिहिलं. आपण न मोजता लिहितो.

काकूंचा अनुभव वापरायचा असेल तर त्यांची परवानगी घेऊन असा वापरा: ‘सहा महिने खुर्चीवर सराव केल्यावर मला आता जिना चढताना थांबावं लागत नाही.’ हे त्यांनी स्वतः अनुभवलेलं आहे. यात आजार नाही, आकडा नाही. ग्लुकोमीटरचा ‘आधी आणि नंतर’ फोटो थंबनेलवर मात्र कधीच नको.

काय गमवाल, आणि ते कसं मोजाल

आता खरं सांगतो. शीर्षक बदललं की व्ह्यूज कमी होऊ शकतात. ‘गायब’सारखा शब्द होम पेजवर क्लिक खेचतो. काहीही शोधत नसलेला माणूस बोट फिरवताना थांबतो. ते क्लिक तुम्ही गमवाल. जो शोधत आला आहे तो मात्र ‘डायबेटीस’ आणि ‘योगासने’ या शब्दांनीच आला होता, तो तसाच येईल.

हे तपासता येतं. शीर्षक बदलण्याआधी यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये जा. प्रेक्षक कुठून आले ते बघा: होम पेज, सुचवलेले व्हिडिओ, की यूट्यूब सर्च. सर्चवर क्लिक केलं की लोकांनी नेमके कोणते शब्द टाईप केले त्याची यादी दिसते. ती लिहून ठेवा. बदल केल्यावर २८ दिवसांनी पुन्हा बघा. एकूण व्ह्यूज बघू नका, फक्त सर्चचे बघा. सोबत लोक सरासरी किती मिनिटं थांबतात तेही बघा. चमत्कार शोधायला आलेला माणूस पहिल्या अर्ध्या मिनिटात निघून जातो. खुर्ची घेऊन बसलेला माणूस थांबतो.

आणि धंद्याचं गणित वेगळंच आहे. ताईंच्या हॉलमध्ये पंधरा चटया मावतात. बिहारमधल्या लाख व्ह्यूजनी त्या भरत नाहीत. त्या भरतात खांदा कॉलनी, नवीन पनवेल, कामोठे, कळंबोलीच्या माणसांनी. म्हणून डिस्क्रिप्शनच्या शेवटी क्लासचा पत्ता पूर्ण लिहा: सेक्टर, जवळचं स्टेशन खांदेश्वर, बॅचच्या वेळा. स्टुडिओमध्ये व्हिडिओचं ठिकाण भरायची जागा असते, तीही भरा. जवळच्या माणसाचा आणखी एक गुण असतो. तो समोर येऊन विचारतो, “ताई, सात दिवस झाले, शुगर आहे तशीच आहे. आता?” ऑनलाईन प्रेक्षक निघून जातो, शेजारी कुठे जाणार? तो चौकात सांगतो.

त्या कमेंटचं काय झालं, हे विचाराल. ताईंनी त्याच संध्याकाळी उत्तर दिलं: ‘नाही, गोळी बंद करू नका, आज ना उद्या डॉक्टरांना भेटा, चूक माझ्या शीर्षकाची आहे.’ पुढे त्या माणसाने काही लिहिलं नाही. ठीक आहे की नाही, आम्हाला माहीत नाही. ताई अजून अधूनमधून ती कमेंट उघडून बघतात.

आज एवढं करा. तुमच्या सगळ्यात जास्त चाललेल्या आरोग्याच्या व्हिडिओच्या कमेंट उघडा आणि ‘गोळी’, ‘बंद’, ‘किती दिवसांत’ हे शब्द शोधा. एक जरी सापडला तर आधी त्या माणसाला उत्तर द्या, मग शीर्षक बदला. बदललेलं शीर्षक खाली कमेंटमध्ये टाका, पुढच्या शनिवारच्या बॅचला आपण ती एकेक करून तपासू.